नवा भागीदार, जुनी पुण्याई

आपल्या मंडळातील कितीतरी रुग्णालये दोघातिघांच्या भागीदारीत उभी राहिली आणि आता त्यांच्या संस्थापकांचे केस पांढरे झाले आहेत. कोणाचा मुलगा वा सून एम. डी. होऊन परतली आहे, कोणी नवजात शिशुतज्ज्ञाला सोबत घेण्याच्या विचारात आहे. अशा वेळी भागीदारीपत्रात नफ्याचे नवे प्रमाण लिहिले की काम संपले, असा समज सर्रास आढळतो. प्रमाण बदलते ते पुढच्या नफ्याचे, हे खरे. परंतु न वाटलेला जुना नफा, जागेची वाढलेली किंमत आणि वर्षानुवर्षांच्या सेवेने मिळालेला नावलौकिक हे सारे रुग्णालयात आधीच साठलेले असते. वेळीच त्याचा निवाडा केला नाही, तर त्यातील एक वाटा त्या सहीबरोबरच नवागताच्या पदरात जाऊन पडतो. कोणी तो दिलेला नसतो आणि नवागतानेही तो मागितलेला नसतो. पुढे तो निघून जाताना किंवा जुना भागीदार निवृत्त होताना ही गोष्ट ध्यानात येते, आणि तोवर बोलण्याची वेळ निघून गेलेली असते.

आमच्या बालरुग्णालयात हा प्रसंग आला तेव्हा आमच्या सनदी लेखापालांच्या शेजारी बसून मी प्रत्येक नोंद समजून घेतली. तीच येथे मांडते. आकडे समजण्यास सोपे व्हावेत म्हणून बदलून गोल केले आहेत. पद्धत मात्र जशीच्या तशी आहे.

आम्ही दोघे भागीदार होतो. ज्येष्ठ भागीदार, ज्यांना मी अजूनही ‘सर’च म्हणते, आणि मी. नफ्याचे प्रमाण सरांचे ३ व माझे २. सरांना रात्रीच्या धावपळीतून मोकळे व्हायचे होते आणि एक तरुण नवजात शिशुतज्ज्ञ आमच्याकडे येण्यास राजी होते. १ एप्रिलपासून त्यांना एकपंचमांश वाटा द्यावा असे ठरले. नवे प्रमाण सर २, मी २ आणि तरुण डॉक्टर १, असे झाले.

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे, करारात वेगळे काही नसेल तर सर्व विद्यमान भागीदारांच्या संमतीवाचून नवा भागीदार घेता येत नाही. आणि तो भागीदार होण्यापूर्वी संस्थेने केलेल्या कृत्यांची जबाबदारी केवळ प्रवेशामुळे त्याच्यावर येत नाही. या दुसऱ्या भागाला लागूनच हिशेबाचे सूत्र येते: जुन्या देण्यांचा भार जसा नवागतावर नाही, तसा जुन्या मिळकतीवरही त्याचा हक्क नाही. मागचे मागच्यांचे, पुढचे तिघांचे. यापुढील प्रत्येक नोंद ही या एका वाक्याचीच अंमलबजावणी आहे.

आधी ताळेबंद स्वच्छ करावा

३१ मार्चच्या ताळेबंदात आमच्या मालमत्तेची बाजू अशी होती: रुग्णालयाची जागा ४० लाख, उपकरणे २४ लाख, विमा कंपन्यांकडील येणी १० लाख, औषधसाठा ४ लाख आणि बँकेत १५ लाख, एकूण ९३ लाख. समोरच्या बाजूस बँकेचे कर्ज २० लाख, इतर देणी ६ लाख, सर्वसाधारण राखीव निधी १० लाख, सरांचे भांडवल ३४ लाख व माझे २३ लाख. तीही बेरीज ९३.

राखीव निधी म्हणजे आम्ही दोघांनी मिळवलेला, पण खात्यांत न वाटलेला नफा. तो तसाच ठेवून तरुण डॉक्टर आत आले असते, तर पुढे कधी तो वाटताना त्यातील २ लाख त्यांच्या वाट्याला गेले असते. म्हणून तो आधीच जुन्या प्रमाणात वाटला. सरांच्या भांडवल खात्यात ६ लाख व माझ्या खात्यात ४ लाख जमा झाले.

यानंतरचे काम मालमत्तेच्या पुनर्मूल्यनाचे. जागा बारा वर्षांपूर्वी घेतलेली. मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाने तिची किंमत ५२ लाख ठरवली, म्हणजे १२ लाखांची वाढ. उपकरणांच्या बाबतीत उलट घडले. दोन जुनी कृत्रिम श्वसनयंत्रे व एक उबदार पेटी यांना पुस्तकात दाखवलेली किंमत येणे शक्य नव्हते. तेथे ५ लाख कमी केले. विमा कंपन्यांकडील १० लाखांपैकी २ लाखांचे दावे दीर्घकाळ अडकलेले होते. तेही बुडीत धरले. वाढ १२, घट ७, निव्वळ लाभ ५ लाख. हा लाभ पुनर्मूल्यन खात्यातून सरांना ३ लाख व मला २ लाख असा गेला.

येथे डॉक्टरांनी एका बाबीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. आपला सर्वांत मोठा संभाव्य तोटा ताळेबंदात दिसतच नाही. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली आहे आणि तक्रार उपचारानंतर बऱ्याच काळाने येऊ शकते. प्रवेशाच्या दिवशी असा दावा चालू असेल तर अंदाजित रक्कम पुनर्मूल्यन खात्यातच तोटा म्हणून धरावी, किंवा ‘१ एप्रिलपूर्वीच्या उपचारांतून उद्भवणारी भरपाई जुने भागीदार जुन्या प्रमाणात सोसतील’ असे कलम लिहावे. आमच्यावर तेव्हा कोणताही दावा नव्हता, तरीही आम्ही हे कलम घातले. पुढे ते वापरावे लागले नाही तर उत्तमच.

या दोन पायऱ्यांनंतर सरांचे भांडवल ४३ लाख व माझे २९ लाख झाले, एकूण ७२. मालमत्ता ९८ लाख आणि बाहेरची देणी २६ लाख, फरक ७२. ताळा जमला.

पुण्याईची किंमत

हिशेबाच्या मराठी पुस्तकांत ‘गुडविल’ला ख्याती म्हणतात. भागीदारी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ती संस्थेच्या मालमत्तेतच मोडते. तिचा लेखाशास्त्रीय अर्थ फार नेमका आहे: तशाच प्रकारच्या सामान्य व्यवसायापेक्षा या व्यवसायाला जो अधिकचा नफा होतो, त्याची किंमत. गेल्या काही वर्षांच्या सरासरी नफ्याला दोनाने वा तिनाने गुणून ख्याती काढण्याची सोपी रीत प्रचलित आहे. व्यापाऱ्याच्या पेढीला ती कदाचित चालेल, डॉक्टरांच्या भागीदारीला मात्र ती फसवते. आपल्या नफ्याचा मोठा भाग आपल्या स्वतःच्या श्रमांचा मोबदला असतो. दोन बालरोगतज्ज्ञ दिवसरात्र राबतात म्हणून ७१ लाख उरतात. तेच दोघे दुसऱ्या रुग्णालयात नोकरीस असते तर त्यांना पगार मिळालाच असता. तो पगार वजा केल्याशिवाय जे काढले जाते ती ख्याती नव्हे. आपल्याच घामाची किंमत आपण नवागताकडून दुसऱ्यांदा मागत असतो.

आम्ही असा हिशेब केला. तीन वर्षांचा नफा अनुक्रमे ६६ लाख, ७१.६ लाख व ७६ लाख, सरासरी ७१.२ लाख. त्यातून दोघांच्या श्रमांचा बाजारभावाने मोबदला, प्रत्येकी २७ लाख, म्हणजे ५४ लाख वजा, राहिले १७.२ लाख. गुंतलेल्या ७२ लाखांवर दहा टक्के दराने वाजवी परतावा ७.२ लाख, तोही वजा. शेष १० लाख. हा आमचा अधिनफा.

हा अधिनफा किती वर्षांचा धरायचा, यावर खरी चर्चा झाली. सरांच्या मनात पाच वर्षे होती. तरुण डॉक्टर संकोचत म्हणाले, “सर, पालक तुमच्या नावाने येतात. तुम्ही सकाळची ओपीडी थांबवलीत तर त्यातले किती माझ्यापाशी थांबतील?” प्रश्न रास्त होता. डॉक्टरांच्या ख्यातीचे दोन भाग असतात. एक व्यक्तीचा, जो तिच्याबरोबर उठून जातो. दुसरा संस्थेचा, जो जागा, फोन क्रमांक, परिचारिका आणि नोंदवही यांच्यात मुरलेला असतो. विकण्याजोगा आहे तो दुसराच.

हे भाग वेगळे करण्यासाठी आम्ही नोंदवही काढली. सर दोन वर्षांत दोनदा महिनाभर परदेशी मुलीकडे गेले होते. त्या महिन्यांत त्यांचे किती रुग्ण मला दाखवून गेले आणि किती आलेच नाहीत, हे मोजले. सुमारे दोनतृतीयांश आले होते. दुसरा आधार लसीकरणाच्या पत्रिकांचा होता. आमच्याकडे नोंदवलेले बाळ सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यांत, नवव्या महिन्यात, दीड वर्षाच्या सुमारास आणि मग पाचव्या वर्षापर्यंत येत राहते. पण फेऱ्यांची दाटी पहिल्या दोन वर्षांत असते, पुढे त्या विरळ होतात. दोन्ही गोष्टी समोर ठेवून तीन वर्षांवर एकमत झाले. ख्यातीची एकूण किंमत ३० लाख आणि नवागताच्या एकपंचमांशाची ६ लाख. तीन हा काही शास्त्रसिद्ध आकडा नव्हे. दुसऱ्या रुग्णालयात तो एक असेल वा चार. त्यामागील कारण मात्र नोंदवहीतून दाखवता यायला हवे.

सहा लाख कोणाचे?

आता ज्या ठिकाणी सर्वाधिक गफलत होते तेथे आपण आलो. हे ६ लाख दोघांत कसे वाटायचे? राखीव निधी ३:२ ने वाटला, पुनर्मूल्यन ३:२ ने वाटले. म्हणून हेही ३:२ ने, सरांना ३.६ व मला २.४ लाख, असे कोणालाही सहज वाटेल. ते बरोबर नाही.

राखीव निधी हा मिळून झालेला नफा. तो मिळवतानाच्या प्रमाणात वाटणे योग्य. नवागताची ख्याती-रक्कम मात्र त्याला सोडून दिलेल्या वाट्याची भरपाई असते, म्हणून ती ज्याने जितका वाटा सोडला त्याला तितकी मिळते. यालाच त्यागाचे प्रमाण म्हणतात. जुन्या वाट्यातून नवा वाटा वजा केला की ते निघते. सरांचा जुना वाटा तीनपंचमांश, नवा दोनपंचमांश; त्याग एकपंचमांश. माझा जुना वाटा दोनपंचमांश आणि नवाही दोनपंचमांश, त्याग शून्य. तरुण डॉक्टरांना मिळालेला सगळा वाटा सरांच्याच ताटातून गेला होता. म्हणून सहाच्या सहा लाख सरांचे. माझे त्यात काही नव्हते.

नवागताने रोख रक्कम आणली असती, तर ती बँक खात्यात नावे आणि सरांच्या खात्यात जमा, इतकी साधी नोंद झाली असती आणि सरांनी ती काढूनही घेतली असती. परंतु तरुण डॉक्टरांच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज होते आणि भांडवलासाठी ते दुसरे कर्ज काढत होते. म्हणून ख्यातीची रक्कम रोख न घेता भागीदारांच्या चालू खात्यांतून फिरवली: तरुण डॉक्टरांचे चालू खाते ६ लाखांनी नावे, सरांचे चालू खाते ६ लाखांनी जमा. दरवर्षी त्यांच्या नफ्यातून २ लाख सरांकडे वळवून तीन वर्षांत हे फेडायचे, व्याज नाही, आणि मध्येच कोणी बाहेर पडले तर उरलेली रक्कम त्याच्या हिशेबात धरायची, असे करारात लिहिले. चालू खाते मुद्दाम वापरले. ही रक्कम भांडवल खात्यात मिसळली असती तर भांडवलांचे आपसातील प्रमाण बिघडले असते.

ख्याती ताळेबंदात का ठेवू नये?

काही जुने मुनीम वेगळा मार्ग सुचवतात: ३० लाखांची ख्याती मालमत्तेच्या बाजूस दाखवा, जुन्या भागीदारांच्या खात्यांत ३:२ ने जमा करा, झाले. पूर्वी ही रीत शिकवलीही जात असे. मात्र भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखामानक २६ प्रमाणे स्वतः निर्माण केलेली ख्याती मालमत्ता म्हणून पुस्तकात घेता येत नाही. किंमत मोजून विकत घेतलेली ख्यातीच तेथे येऊ शकते. आमची ३० लाखांची ख्याती कोणी विकत घेतलेली नव्हती. तो केवळ तिघांनी मान्य केलेला अंदाज होता. तो मालमत्तेत दाखवल्यास ताळेबंद ३० लाखांनी फुगतो, आणि करारात भांडवलावर व्याज असेल तर त्या फुगवट्यावरही दरवर्षी व्याज निघत राहते. करबचतीचाही लाभ नाही, कारण २०२१ च्या वित्त कायद्याने ख्यातीवरील घसारा प्राप्तिकरासाठी बंद केला.

मात्र त्या जुन्या रीतीचा ताळा पडताळण्यासाठी छान उपयोग होतो. कागदावर ३० लाखांची ख्याती उभी करा: सरांना १८ जमा, मला १२ जमा. मग तीच ख्याती नव्या प्रमाणात पुसून टाका: सरांना १२ नावे, मला १२ नावे, तरुण डॉक्टरांना ६ नावे. शेवटी काय उरले? सरांचे ६ लाख जमा, माझे शून्य, तरुण डॉक्टरांचे ६ लाख नावे. म्हणजे वर केलेली नोंदच पुन्हा हाती येते. आपल्या लेखापालाने ख्याती जुन्या प्रमाणात वाटली की त्यागाच्या प्रमाणात, याची शंका असेल तर हा दोन ओळींचा हिशेब करून पाहावा. उत्तरे जुळली नाहीत तर नोंद चुकली आहे.

भांडवल सारखे करणे

आता भांडवल. आम्हाला तिघांचे भांडवल नफ्याच्याच प्रमाणात, म्हणजे २:२:१ असे हवे होते. कायद्याने हे बंधनकारक नाही, पण तसे असले की व्याजाचा आणि बाहेर पडण्याचा हिशेब सोपा राहतो. आम्हा दोघांचे मिळून ७२ लाख, आणि नव्या संस्थेत आमचा वाटा चारपंचमांश. चारपंचमांशाला ७२ लाख, तर संपूर्ण संस्थेचे भांडवल ९० लाख. यावरून तरुण डॉक्टरांनी १८ लाख आणायचे होते, आणि सर व मी प्रत्येकी ३६ लाखांवर यायचे होते. सरांचे ४३ होते, म्हणजे ७ जादा. माझे २९ होते, म्हणजे ७ कमी. मी ७ लाख भरले, सरांनी ७ लाख काढले.

लाख रुपयांत संपूर्ण चित्र असे दिसते:

| तपशील | सर | मी | तरुण डॉक्टर |
|---|---|---|---|
| जुने भांडवल | ३४ | २३ | – |
| राखीव निधी | ६ | ४ | – |
| पुनर्मूल्यन लाभ | ३ | २ | – |
| बँकेत भरले | – | ७ | १८ |
| बँकेतून काढले | ७ | – | – |
| अखेरचे भांडवल | ३६ | ३६ | १८ |

बँकेत आधी १५ लाख होते, १८ आले, ७ आले, ७ गेले, शिल्लक ३३. जागा ५२, उपकरणे १९, येणी ८, औषधे ४ व बँक ३३ मिळून ११६ लाख. समोर देणी २६ आणि भांडवल ९०; तेही ११६. चालू खात्यांतील सहा नावे व सहा जमा एकमेकांस खाऊन टाकतात. ख्यातीची ओळ ताळेबंदात कोठेही नाही.

एक सावधगिरी येथेच सांगते. पुनर्मूल्यनाने खात्यात आलेली वाढ लगेच रोखीने काढून घेतली तर भागीदारीच्या पुनर्रचनेतून मिळालेली रक्कम म्हणून २०२१ मध्ये आलेल्या करतरतुदी लागू होऊ शकतात. सरांनी पैसे काढण्यापूर्वी आम्ही हा प्रश्न लेखापालांकडून लेखी सोडवून घेतला. करारावर सही झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

दोन ठिकाणी पाय घसरतो

पहिले ठिकाण म्हणजे सगळी रक्कम ‘भांडवल’ म्हणून लिहिणे. माझ्या माहितीतील एका भागीदारीत नव्या डॉक्टरांकडून एकच ठोक रक्कम घेतली आणि ती सरसकट त्यांच्या भांडवल खात्यात जमा केली. ख्याती हा शब्दच करारात नव्हता. काही वर्षांनी ते शहर सोडून निघाले आणि त्यांनी आपल्या खात्यावरील संपूर्ण भांडवल मागितले. जुने भागीदार म्हणाले, यातील बराच भाग ख्यातीचा होता, तो परत मिळत नाही. पुस्तके मात्र नव्या डॉक्टरांच्या बाजूने बोलत होती आणि पैसे द्यावे लागले. भांडवल हे निघताना परत मिळते. ख्यातीपोटी दिलेली रक्कम जुन्या भागीदाराची झालेली असते. एकाच चेकने पैसे आले तरी खात्यावर ते दोन वेगळ्या ओळींत दिसले पाहिजेत.

आमच्याच आकड्यांत पाहू. तरुण डॉक्टरांनी २४ लाख आणले आणि तेवढेच भांडवल म्हणून लिहिले, असे समजा. एकपंचमांशाला २४ म्हणजे संपूर्ण संस्था १२० लाखांची ठरते. प्रत्यक्षात जमलेले भांडवल ७२ अधिक २४ म्हणजे ९६. मधले २४ लाख ही न बोललेली ख्याती. लेखापाल तिला छुपी ख्याती म्हणतात आणि करार मुका असेल तर या त्रैराशिकाने ती काढतात. पण ती ३० नव्हे, २४ निघाली, हे पाहा. न बोललेली गोष्ट आपल्याला हव्या त्याच आकड्याने बाहेर येईल, याची खात्री नसते.

दुसरे ठिकाण आपल्या घरांतले आहे. भागीदाराचा मुलगा वा मुलगी येते तेव्हा ‘घरच्या लेकराकडून कसली ख्याती घ्यायची?’ असे म्हटले जाते. भावना योग्य आहे, पण ख्याती माफ करण्याचा अधिकार ज्याने त्याग केला त्याचाच. वडिलांनी आपल्या वाट्यातून मुलाला दिले तर त्यांनी खुशाल माफ करावे. तोच वाटा दोन्ही भागीदारांकडून घेतला असेल, तर दुसऱ्याने आपली भरपाई सोडावी की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे. दिवाणखान्यात चहा घेताना ते गृहीत धरायचे नाही. माफी झालीच, तर तीही करारात लिहावी: कोणी, कोणाला, किती. म्हणजे पुढल्या वेळी दुसऱ्याचे अपत्य आत येईल तेव्हा कोणाची स्मरणशक्ती पणाला लागत नाही.

आमच्या नव्या भागीदारीपत्रात आता ख्याती मोजण्याची रीतच लिहिलेली आहे: तीन वर्षांचा सरासरी नफा, त्यातून श्रमांचा बाजारभावाने मोबदला व भांडवलावर दहा टक्के वजा, आणि उरलेल्या रकमेची तीन वर्षांची किंमत. भागीदारांतील बदल संस्थानिबंधकांकडे कळवला, बँकेला नवे पत्र दिले आणि १ एप्रिलचा ताळेबंद तिघांच्या सह्यांनी करारास जोडला. सर पूर्ण निवृत्त होतील तेव्हा याच रीतीने त्यांच्या दोनपंचमांशाची ख्याती मोजली जाईल आणि ज्याचा वाटा जितका वाढेल त्याने ती तितकी द्यायची आहे. तेव्हा देणाऱ्यांत मीही असेन. आकडा काय येईल ते आज सांगता येत नाही, पण तो कसा काढायचा यावर वाद होणार नाही. तरुण डॉक्टरांनी सही करण्यापूर्वी ते कलम दोनदा वाचले आणि म्हणाले, “मॅडम, आज मी देतोय, पण हे कलम कधीतरी माझ्याही कामी येईल.”